गुडघ्यातलं शिंग

जागेश्वर हटवार यांच्या बोलण्यातून ‘पुरावा’ हा शब्द वजा केला, तर मागे फारसं काही उरत नसे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात ते तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. ते पद सरकारी कागदावर होतं त्याहून अधिक त्यांच्या स्वभावात होतं. परसातल्या अंड्यावरून दोन शेजारणी भांडत आल्या, तेव्हा त्यांनी वादातली कोंबडी स्वतःच्या घरी ठेवून घेतली, ती नेमकी कुठे जाऊन बसते हे पाहायला. कोंबडी त्यांच्याच माजघरात खुडूक बसली. प्रकरण पुराव्याअभावी निकाली निघालं आणि दोघी शेजारणी त्यांच्याविरुद्ध एक झाल्या. गावाच्या दृष्टीनं तंटा मिटला होता.

असा माणूस सार्वजनिक ठिकाणी हसत नाही. लग्नात ते पहिल्या रांगेत, खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी न मोडता बसत. डीजेविरुद्ध त्यांनी ग्रामसभेत ठराव आणला होता, आणि ‘पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं अंग हलवताना समाजाचा विचार करावा’ हे त्यांचं वाक्य पोरं मागून त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत.

म्हणूनच कारध्याला जे घडलं ते सांगण्याजोगं नव्हतं. लेक गुड्डी तिथं दिलेली. तिच्या मुलीचं बारसं होतं. घरी धानाची चुरणी-मळणी चालू असल्यानं बायको रुखमिणी गेली नाही, जागेश्वरभाऊ एकटेच गेले. पाळणा झाला, जेवणं झाली, अंगणात बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. व्याहीणबाई कलाबाई या बाईला माणसांचा मान ठेवणं जमत नाही, हे सर्वश्रुत होतं. त्या खुर्चीसमोर आल्या आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, “व्याहीबुवा, नातीच्या नावानं एक. का कंबर धरते?”

कंबर धरत नव्हती. पुढच्या घटकेत अध्यक्ष गिरकी घेत होते. गुड्डीच्या म्हणण्याप्रमाणे, आणि तिनं हे पुष्कळ उशिरा सांगितलं, बाबा चांगले फिरत होते आणि हसत होते. मग उजवी चप्पल अंगणातल्या खोलगट जागी रुतली. पाऊल जागच्या जागी राहिलं, वरचं सगळं अंग मात्र कलाबाईंच्या जोरानं पुढे निघून गेलं. गुडघ्याच्या आत ‘कट्’ असं काहीतरी झालं, जे फक्त त्यांना ऐकू आलं.

संध्याकाळी ते लंगडत घराशी पोचले, तेवढ्यात रुखमिणी आतून दारात आली. “काय झालं जी?” या प्रश्नाला उत्तर द्यायला माणसाला फार थोडा अवधी मिळतो. समोर गोदावरीबाईंचा हिरा बांधलेला होता: बैलांच्या शर्यतीचा, पटाचा तरणा पांढरा बैल, मान उंच, शिंगं तासून चकचकीत केलेली.

“हिऱ्यानं शिंग मारलं,” जागेश्वरभाऊ म्हणाले.

हिरा त्या क्षणी रवंथ करत होता.

गोदावरीबाई ही त्यांची नात्यानं भौजाई, चुलत भावाची विधवा. नवऱ्यामागं तिनं दोन गोष्टी सोडल्या नाहीत, शेती आणि पटाचा नाद. हिऱ्याला तिनं वासरू असल्यापासून स्वतःच्या ताटातलं खाऊ घालून वाढवलं होतं. कासरा न धरता तो तिच्या मागं हिंडे. पौषात गावचा शंकरपट होता आणि हिरा पहिल्यांदाच जोडीत धावणार होता. पण गावाचा नियम जुना आणि सरळ होता. माणसावर शिंग उगारणारं जनावर पटात उतरवायचं नाही, आणि गल्लीत बांधायचं नाही. गल्लीत नाही तर कुठं, याचं उत्तर गोदावरीबाईंच्या जागेत नव्हतं. बैल बाजारात न्यावा लागला असता.

“भाऊजी, माया हिरा मुंगीवर पाय देत नाही,” ती म्हणाली. “पुरावा काय?”

हा शब्द आपल्यावर उलटू शकतो, ही शक्यता जागेश्वरभाऊंनी कधी विचारात घेतलेली नव्हती. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि गंभीर चेहरा केला. बाकीचं काम सुजेनं केलं.

सूज ओसरेना, जिना उतरताना आतल्या बाजूनं कळ येई आणि उकिडवं बसणं अशक्य झालं, तेव्हा ते भंडाऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर संघपाल मेश्राम यांनी गुडघा वाकवला, वळवला, कारण विचारलं, ‘बैलाचं शिंग’ हे उत्तर ऐकून भुवई किंचित वर नेली आणि एमआरआय लिहून दिला. त्याच शहरातल्या एका स्कॅन सेंटरात जागेश्वरभाऊ करदोडा उतरवून, पाय पुढे करून त्या गोल बोगद्यात अर्धे गेले. गुडघा एका पिंजऱ्यासारख्या साच्यात अडकवलेला. बाहेर ठकठक, घरघर, मध्येच शांतता, पुन्हा ठकठक. “हलू नका,” एवढीच अट होती, आणि न हलण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

दोन दिवसांनी पुतण्या मनिष मोठं पाकीट घेऊन आला. मनिषचं चौकात मोबाईलचं दुकान होतं, त्यामुळे गावात त्याच्याकडे विज्ञान होतं. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली. तोवर पाकीट बंद ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं. दुकानाच्या काउंटरवर रिपोर्ट ठेवून मनिषनं त्याचा फोटो काढला आणि मोबाईलकडून मराठी करून घेतलं. मोबाईलनं प्रामाणिकपणे उत्तर दिलं. त्यात ‘मागचे शिंग’ होतं, आणि ‘फाटणे’ होतं.

“काका, शिंग लिहून आलं हाय,” मनिष म्हणाला. “मागून लागलं असंबी हाय.”

जागेश्वरभाऊंनी चष्मा लावला. शब्द तिथं होता. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रचलेली गोष्ट छापून आली होती.

मनिष तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं काळी फिल्म दाराशी उन्हात धरली. तिच्यावर लहान लहान चौकटी, प्रत्येकीत गुडघा बाजूनं पाहिल्यासारखा. मधल्या एका चौकटीत, वरच्या आणि खालच्या हाडांच्या फटीत, दोन काळे कुळकुळीत त्रिकोण टोकाला टोक रोखून बसले होते.

“हे पाहा दोन टोकं. दोन्ही शिंगं लागली,” तो म्हणाला. “अन् ही वाटी पाहा, हाडापासून सुटून पुढं तरंगून राहिली.”

जमलेल्या मंडळींनी फिल्म हातोहात फिरवली. ज्यांना दिसलं त्यांनी मान हलवली, ज्यांना दिसलं नाही त्यांनी अधिक जोरात हलवली. संध्याकाळपर्यंत समितीचे उपाध्यक्ष बाबूलाल यांनी निरोप धाडला की पुढच्या आठवड्यातल्या रविवारी बैठक, विषय हिरा. अध्यक्ष स्वतः फिर्यादी असल्यानं निकाल बाबूलाल देतील. नियमाचं हे पालन पाहून जागेश्वरभाऊंना समाधान वाटलं, आणि ते वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं. रात्रभर कूस बदलताना गुडघा दुखला, हे त्यांनी सकाळी रुखमिणीला सांगितलं. ते खरं होतं.

डॉक्टरांच्या वेळेच्या दिवशी जागेश्वरभाऊ मनिषला घेऊन निघाले, तर गोदावरीबाई बसमध्ये आधीच जागा धरून बसली होती.

“तुमी कायले?” जागेश्वरभाऊंनी विचारलं.

“माया बैलाचा फोटो काढला म्हणते. मी पाहाले येऊन राहिली.”

डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले होते, उशीर होणार होता. गोदावरीबाईनं बाहेरच्या गाडीवरून मेदूवडे बांधून घेतले आणि दोघांना चालवत, एकाला अर्थातच लंगडत, शेजारच्या त्याच स्कॅन सेंटरात नेलं. दुपारच्या वेळी तिथं गर्दी नव्हती. टेक्निशियन प्रतिक्षा डबा संपवून हात पुसत होती. साकोलीकडची मुलगी, दिवसभर लोकांना ‘हलू नका’ सांगून तिच्या आवाजात एक ठामपणा आलेला होता.

“पोरी, ह्या फोटोत माया हिरा कुठं हाय, तेवढं दाखव,” गोदावरीबाई म्हणाली.

“हिरा कोण?”

“बैल.”

प्रतिक्षानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मावशी, आमच्या मशीनमध्ये बैल मावत नाही.”

मनिषनं रिपोर्ट पुढे केला आणि मोबाईलचं मराठीही. तिनं ते वाचलं, ओठ आत दाबले आणि मग सावकाश बोलली.

“आधी एक ऐका. मी फोटो काढते. हा रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट मॅडमनं सगळे फोटो पाहून लिहिला. अन् काकांचा पाय हातात घेऊन पाहणार मेश्राम सर. चित्रात कोणता भाग कोणता, एवढं मी समजावते. तुम्हाला काय झालं, काय करायचं, हे माझ्या तोंडून निघणार नाही. चालेल?”

“शिंगाचं त सांग,” गोदावरीबाई म्हणाली.

“शिंग काकांचंच आहे.”

जागेश्वरभाऊंनी नकळत दुपट्टा सारखा केला.

प्रतिक्षानं फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावली. मांडीचं हाड वर, नडगीचं खाली, आणि मध्ये दोन लवचीक गाद्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. गादीचा आकार चंद्रकोरीसारखा. चंद्रकोरीला दोन टोकं असतात, पुढचं आणि मागचं, आणि वैद्यकाच्या भाषेत त्या टोकांना शिंग म्हणण्याची रीत आहे. “मोबाईलनं शब्दाचं मराठी बरोबर केलं,” ती मनिषला म्हणाली, “पण त्याला गुडघा नाही ना.”

“म्हंजे सगळ्यायले हायत शिंगं?” गोदावरीबाईनं विचारलं.

“एका गुडघ्यात दोन गाद्या, चार शिंगं.”

“दोन गुडघ्यांत आठ.” तिनं जागेश्वरभाऊंना पायापासून वर न्याहाळलं. “माया हिऱ्याले दोनच हायत.”

मनिष सहजी हार मानणारा नव्हता. त्यानं मधल्या चौकटीवर बोट ठेवलं. “गादी अख्खी असन त मंग दोन तुकडे काहून दिसते? मधात त काहीच नाही. तुटली म्हणूनच ना?”

“चांगलं विचारलं,” प्रतिक्षा म्हणाली आणि गोदावरीबाईच्या पुडीकडे पाहिलं. “मावशी, एक वडा देता?”

तिनं डब्याच्या झाकणावर वडा आडवा ठेवला आणि एका बाजूनं तोडून त्याला चंद्रकोरीचं रूप दिलं. “ही गादी समजा. पोकळ बाजू गुडघ्याच्या मध्याकडे. आमचं मशीन गुडघ्याचे उभे काप दाखवते, पावाच्या लादीसारखे, एकामागं एक. चाकू न लावता. प्रत्येक चौकट म्हणजे एक पातळ काप.” तिनं चमच्याच्या कडेनं वड्याची बाहेरची कड कापली. “कडेचा काप. किती तुकडे दिसतात?”

“एक. लांबट,” मनिष म्हणाला.

“आता मधून.” चमचा पोकळीतून उतरला. कापलेली बाजू तिनं त्याच्याकडे वळवली. पोकळीच्या अलीकडे एक तुकडा, पलीकडे एक.

मनिषनं वड्याकडे आणि मग फिल्मकडे पाहिलं. कडेच्या चौकटीत खरोखरच एक लांब काळा पट्टा होता. आतल्या चौकटींत त्याचे दोन त्रिकोण झाले होते.

“गादी बाहेरून जाड, आतून पातळ, म्हणून तिकोनी. वडा तसा नाही, तेवढं सोडून द्या. दोन त्रिकोण दिसणं म्हणजे तुटणं नाही. ते दिसायलाच पाहिजेत. अन् वाटी सुटलेली नाही. ह्या काळ्या पट्ट्या पाहा, एक वरून, एक खालून. त्यांनी बांधलेली आहे. बाजूनं काप घेतला की वाटी अशीच वेगळी दिसते, माझीही दिसेल.”

“हाड एका फोटोत पांढरं अन् दुसऱ्यात काळं कसं?” जागेश्वरभाऊंनी प्रथमच तोंड उघडलं. पुराव्यातली विसंगती त्यांना सहन होत नसे.

“एक्सरे नाही ना हा. हाडाच्या आत चरबी असते. एका प्रकारच्या फोटोत चरबी उजळ येते, दुसऱ्या प्रकारात आम्ही ती मुद्दाम दाबतो, मग पाणी उजळ राहतं. कोणत्या प्रकारचा फोटो आहे हे माहीत नसताना ‘पांढरं दिसलं’ म्हणण्यात अर्थ नाही, काका.”

मग तिनं मागच्या त्रिकोणात नखानं दाखवलं. काळ्यात एक बारीक उजळ रेघ होती, खालच्या कडेला टेकलेली. रिपोर्टातलं ‘फाटणे’ ते हे. पण तिनं लगेच हात मागे घेतला. अशी रेघ एकाच चौकटीत दिसली म्हणून फाटलं असं होत नाही. कधी ती कडेपर्यंत पोचतच नाही, कधी शेजारून जाणाऱ्या एखाद्या बंधाचीच कड तशी भासते. मॅडमनं शेजारचे काप पाहिले, समोरून घेतलेले काप पाहिले, मगच शब्द लिहिला.

“मंग झालं,” गोदावरीबाई सरसावून बसली. “शिंग याईचं, गादी याईची. बैलानं मारलं नाही, एवढं कागदावर लिहून दे. रविवारी बाबूलालच्या तोंडावर मारतो.”

“नाही लिहिता येणार, मावशी.”

“काहून?”

“फाट दिसते. कशानं फाटली ते दिसत नाही. बैलानं मारलं असंही फोटो सांगत नाही, अन् नाही मारलं असंही नाही. फोटो बैलाला धरत नाही अन् सोडतही नाही.”

गोदावरीबाईचा हात पुडीवरच राहिला. इतका वेळ तिची बाजू वरचढ होत चालली होती आणि आता ती होती तिथंच परत आली होती. तिनं उरलेला वडा मनिषच्या पुढे सरकवला. “खा. तूच कापाले लावला.”

जागेश्वरभाऊंच्या मनात मात्र एक किरण शिरला होता, आणि तो कोणत्या दिशेनं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते भिंतीवरची ‘धातूच्या वस्तू बाहेर ठेवा’ ही सूचना पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

डॉक्टर मेश्राम तासाभरानं मोकळे झाले. त्यांनी फिल्म पाहिली, बाजूला ठेवली आणि गुडघ्याकडे वळले. आतल्या बाजूच्या सांध्याच्या फटीवर अंगठा दाबला. रुग्णानं श्वास रोखला. पाय दुमडून पाऊल बाहेर वळवलं. रुग्णानं गोदावरीबाईसमोर न उच्चारण्याजोगा शब्द अर्धा उच्चारला.

“गुडघा अडकतो का? सरळ होतच नाही असं?”

“नाही जी. दुखते फक्त.”

“बरं. आता पुन्हा सांगा, कसं लागलं?”

“रिपोर्टात...”

“रिपोर्टात ते नसतं. बाहेरून जोराचा मार बसला तर बरेचदा हाडाच्या आत मुका मार दिसतो. इथं तो नाही. पण नाही म्हणून मार बसलाच नाही, असं मी म्हणणार नाही. आणि तुमच्या वयात, कधी न दुखलेल्या माणसांचे गुडघे तपासले तरी अशी फाट पुष्कळांत सापडते. म्हणजे ती जुनीही असेल, दुखणं दुसऱ्याच कशाचं असेल. फोटो, गुडघा आणि तुमचं सांगणं, तिन्ही जुळलं तर मी उपचार ठरवतो. दोन जुळतात. तिसरं जुळत नाही.”

जागेश्वरभाऊंनी आयुष्यभर साक्षीदारांना नेमक्या याच जागी आणून उभं केलं होतं. साक्षीदाराला तिथं कसं वाटतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

“वयनी, जरा बाहेर बसता?”

“माया बैलाचं हाय ना?”

“माया गुडघ्याचं हाय.”

ती गेली, मनिषला घेऊन. दार लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “पाय जमिनीत रोवलेला आणि अंग फिरलं, असं काही झालं का?”

उत्तर इतक्या खालच्या आवाजात आलं की डॉक्टरांना खुर्ची पुढे घ्यावी लागली.

“काय? झगडा?”

“फुगडी.”

डॉक्टरांनी केसपेपरवर मान खाली घातली आणि ती जरा जास्तच वेळ खाली ठेवली. “पाय रोवलेला असताना गुडघ्याला पीळ, असं लिहितो,” ते शेवटी म्हणाले. “कोणासोबत, ते लिहायला इथं रकाना नाही.” तूर्त शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, उकिडवं बसणं बंद, गिरक्या बंद, दीड महिन्यानं परत दाखवायचं, मध्ये गुडघा अडकला तर लगेच यायचं.

बाहेर गोदावरीबाईनं डॉक्टरांनाच गाठलं. “साहेब, बैलानं मारलं का?”

“मावशी, पेशंटची गोष्ट मी सांगत नाही. त्यांनाच विचारा.”

तिनं विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि गाव येईपर्यंत एवढंच बोलली, “बाजारात नेला, त कोण घेईन त्याले कोणास ठाऊक.”

रविवारी समाजमंदिरात बैठक भरली. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून. अध्यक्षांसाठी, उकिडवं बसणं बंद असल्यानं, एकच खुर्ची. मनिषनं उभं राहून आपला अर्थ मागे घेतला. वडा नसल्यानं त्याचं स्पष्टीकरण लांबलं, तरी शिंग हा गुडघ्याचाच भाग आहे आणि अशी शिंगं उपस्थित प्रत्येकाला आठ-आठ आहेत, हे लोकांना कळलं. दोघा-तिघांनी गुपचूप आपले गुडघे चाचपले.

मग जागेश्वरभाऊ उठले. स्कॅन सेंटरातला तो किरण त्यांनी चार दिवस घासून-पुसून तयार ठेवला होता.

“तज्ज्ञांचं मत असं हाय,” ते म्हणाले, “का फिल्मवरून कारण सिद्ध होत नाही. बैलानं मारलं, याचा पुरावा नाही. सबब हे प्रकरण पुराव्याअभावी निकाली काढावं, अशी माझी सूचना हाय.”

हे वाक्य सुबक होतं. त्यात हिरा सुटत होता, कारधं येत नव्हतं, आणि समितीची परंपराही राखली जात होती. काही माना डोलल्या. गोदावरीबाईनं डोळे वर केले.

बाबूलालनं तंबाखू गालात सरकवली. वयानं ते सर्वांत मोठे, आणि त्या कोंबडीच्या तंट्यातल्या एका शेजारणीचे नवरे. “फिल्म सांगत नाही, समजलं,” ते म्हणाले. “पण फिल्म येण्याच्या आधीच आमी तुमचं सांगणं धरून चाललो होतो. तुमी म्हणलं, शिंग मारलं. तो शब्द तसाच हाय. फिल्म बैलाले दोषी करत नाही, तशी तुमाले खोटंबी पाडत नाही. म्हंजे पुरावा एकच उरला, तुमचं तोंड. ते काय म्हणते?”

अध्यक्षांनी आधारासाठी खुर्चीची पाठ धरली. एका बाजूला गल्लीच्या टोकाला बांधलेला बैल होता, दुसऱ्या बाजूला खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी. गोदावरीबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती आपल्या तळहाताकडे पाहत होती, ज्यावर कासऱ्याचा वळ नव्हता, कारण तो तिला कधी धरावाच लागला नव्हता.

“हिऱ्यानं मारलं नाही,” जागेश्वरभाऊ म्हणाले.

“मंग?”

“कारध्याले. बारशात.” त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. “फुगडी खेळलो.”

क्षणभर कोणालाच हे वाक्य कुठं ठेवावं ते कळलं नाही. ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी पुन्हा विचारलं. मागच्या पोरांतून कोणीतरी अध्यक्षांच्याच आवाजात ‘पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं’ एवढं म्हणून सोडून दिलं. त्यानंतर सभा सभा राहिली नाही. बाबूलालनं हसता हसता तंबाखू गिळली आणि त्यांना पाणी पाजावं लागलं. त्यांनी हातानंच निकाल दिला: हिरा पटात धावणार, गल्लीतच बांधणार.

गोदावरीबाई उठून खुर्चीजवळ आली. तिनं बरंच काही ठरवून आणलं असावं. पण अध्यक्ष कानापर्यंत लाल झालेले पाहून तिनं त्यातलं बहुतेक गिळलं. “भाऊजी,” ती म्हणाली, “एक इचारू? मायाच बैलाचं नाव काहून घेतलं?”

“समोर बांधून होता.”

“बरं झालं त्या वख्ती मी समोर नव्हती.”

भिंतीकडच्या बायकांतून रुखमिणी अजून उठलेली नव्हती. हशा ओसरत आला तेव्हा तिचा आवाज आला, नेहमीचा, धान पाखडताना असतो तसा सपाट.

“कोणासंगं खेळला जी?”

“व्याहीणबाईसंगं.”

“हसले?”

अध्यक्षांनी या प्रश्नाचा पुरावा काय असू शकेल याचा विचार केला आणि सोडून दिला. “हासलो.”

रुखमिणीनं पदर खोचला. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात, स्वतःच्या लग्नातसुद्धा, या माणसानं तिच्यासमोर गिरकी घेतलेली तिला आठवत नव्हती.

“डाक्टरनं किती दिवस बंद सांगतलं?” तिनं विचारलं.

“दीड महिना. मंग दाखवाले बोलावलं हाय.”

“मीबी येतो तवा,” ती म्हणाली. “मलेच इचारू द्या त्याईले, का एक खेळली त चालते का.”